दुबईत नोकरी मिळतेय. पदवीचं अटेस्टेशन, भाषांतर आणि मुदत याबद्दल रिक्रूटरला नेमकं काय विचारू?

आधी एवढंच लिहून पाठवा: "पदवीवर कोणकोणते शिक्के हवेत, खर्च कोणाचा, आणि रुजू होण्याची मुदत ऑफर लेटरपासून मोजणार की कागद तुमच्या हाती पडल्यापासून?" उत्तर ईमेलवरच घ्या.

रिक्रूटर "अपोस्टिल करून आणा" म्हणाला तर लगेच थांबवा. अपोस्टिल म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का; यूएई त्या करारात नाही, त्यामुळे तिथे तो चालत नाही. महाराष्ट्रातल्या पदवीला आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. वेळ बहुधा पहिल्या टप्प्यातच जातो, कारण विद्यापीठाकडून पडताळणी मागितली जाऊ शकते. म्हणून राजीनाम्याची तारीख त्यानंतरच ठरवा. शिक्के मूळ प्रमाणपत्राच्या मागे बसतात; ते लॅमिनेट केलेलं असेल तर आजच सांगा.

पदवी इंग्रजीत असेल तर भाषांतर लागेलच असं नाही. मराठी विवाह प्रमाणपत्राचं मात्र अरबी भाषांतर मागतील. ते भारतात केलेलं चालेल की यूएईतल्या परवानाधारक अनुवादकाकडूनच हवं, हे विचारा. आणि शिक्के पूर्ण झाल्यावरच करून घ्या, नाहीतर नंतरच्या शिक्क्यांचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि पुन्हा पैसे जातात.