गिऱ्हाईक झालेल्यांनाच पुन्हा जाहिरात का दिसते?

«वडोदऱ्यात साड्यांचं दुकान आहे. इन्स्टाग्रामवर नवी गिऱ्हाइकं, वेबसाइट बघून गेलेले आणि पेजशी जोडलेले असे तीन ॲडसेट चालवतो, तरी साडी घेऊन गेलेल्या बायकाच म्हणतात, "तुमची जाहिरात रोज दिसते." पैसे वाया जातायत का?»

हो, बरेचसे. तिन्ही ॲडसेटमध्ये बहुधा बरीचशी तीच माणसं आहेत. ॲड्स मॅनेजरमध्ये ताडून पाहा. समजा तिन्हींचा रीच, म्हणजे जाहिरात दिसलेली माणसं, 4,000, 3,000 आणि 2,000 आहे, बेरीज 9,000. पण कॅम्पेनच्या ओळीत रीच 4,500 दिसला, तर निम्मी मोजणी दुबार झाली. प्रत्येक ॲडसेटची Frequency, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली तो आकडा, 2, म्हणून आपण निर्धास्त. कॅम्पेनची मात्र 4 निघते.

आधी वगळणी करा. बिलांवरच्या मोबाइल नंबरांची यादी कस्टम ऑडियन्स म्हणून चढवा आणि तिन्ही ॲडसेटमधून Exclude करा. नवीन गिऱ्हाइकांच्या ॲडसेटमधून वेबसाइट बघून गेलेले आणि पेजशी जोडलेलेही काढा, म्हणजे ते फक्त आपापल्या ॲडसेटमध्ये उरतील. हाताने चढवलेली यादी आपोआप वाढत नाही. दुकानातली नवी बिलं दर आठवड्याला घालावी लागतात (इथेच सगळे कंटाळतात).

एका माणसाला जाहिरात किती वेळा दिसावी याची मर्यादा त्यानंतर. ती ॲडसेटपुरती लागते. 7 दिवसांत 2 वेळा अशी घातली आणि बाई तिन्हींत असली, तर तिला सहा वेळा दिसू शकते. शिवाय ही सोय अवेअरनेस कॅम्पेनमध्ये रीच हे ध्येय निवडल्यावर मिळते. सेल्स कॅम्पेनमध्ये छोटे ॲडसेट एकत्र करा किंवा बजेट उतरवा.

एक आहे, यादीतला प्रत्येक नंबर अकाउंटशी जुळत नाही. थोड्या जुन्या गिऱ्हाइकांना जाहिरात दिसतच राहील.