आईचा फोन दुपारी बंद का असतो?

"मॅडम, आईला नवा फोन घ्यायचाय. ताई म्हणते बारा हजारांचा, मोठ्या बॅटरीचा घे. मला वाटतं बावीस हजारांचा, चांगल्या कॅमेऱ्याचा घ्यावा. तिचे सगळे फोटो हललेले येतात. यावरून आमचं बोलणंच बंद झालंय. काय करू?"

हा प्रश्न आता इतक्या घरांतून येतो की फोनचं मॉडेल मी सर्वांत शेवटी विचारते. आधी विचारते तो आईचा दिवस. भावंडं वस्तूवरून भांडतात तेव्हा ती वस्तू जिला वापरायची आहे, तिला बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून पुढच्या वेळी आईंना सोबत आणायला सांगितलं. वय अडुसष्ट, घर पाटण तालुक्यात, पावसाळ्यात वीज तासन् तास जाते. मुलाची तक्रार एकच होती : आई दुपारी फोन उचलत नाही.

"काकू, जेवणानंतर फोन कुठे असतो?"

"बंद करून कपाटात. रात्री याचा फोन येतो ना, तेवढं चार्जिंग उरायला नको?"

मुलगा गप्प झाला. आई विसरते किंवा रुसते, असं तो दोन वर्षं धरून चालला होता. ती त्याच्याच फोनसाठी चार्जिंग राखून ठेवत होती. या एका वाक्यानंतर कॅमेऱ्याचा हट्ट आपोआप सैल पडला. मी काही समजावण्याची गरज उरली नाही.

मग जुना फोन हातात घेतला. सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर उघडला की कशाने किती खाल्लं ते दिसतं. सर्वांत वर स्क्रीन होती. मोतीबिंदूमुळे काकूंनी उजेड पूर्ण वाढवून ठेवला होता. दुसरं कारण घराच्या जाड भिंती : रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोहोचायला फोन जास्त ताकद लावतो आणि नुसता पडून असला तरी बॅटरी उतरते. उजेड कमी करा असं काकूंना सांगण्यात अर्थ नव्हता, त्यांना दिसलं पाहिजे. अक्षरं मात्र मोठी केली आणि फोन ठेवायची जागा माजघरातून पडवीत आणायला सांगितलं. वायफाय असलेल्या घरात वायफाय कॉलिंग सुरू केलं तर रेंजचा हा प्रश्न बराच सुटतो.

राहिले हललेले फोटो. काकूंना गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढायला सांगितला. एका हातात फोन, त्याच हाताचा अंगठा स्क्रीनवरच्या गोल बटणापर्यंत ताणलेला, आणि बटण दाबताना फोन खाली झुकला. लेन्सवर तेलकट बोटाचा ठसाही होता. लेन्स मऊ सुती कापडाने पुसली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि आवाजाच्या बटणाने फोटो घ्यायला लावला. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते चालतं. पाकिटावरची मुदतीची तारीख त्याच जुन्या फोनवर वाचता आली. काकूंनी तो फोटो तिथल्या तिथे मुलाला पाठवला.

म्हणून इथे माझं मत ताईच्या बाजूने पडलं, पण अटींसह. स्टोरेज १२८ जीबीच्या खाली नको. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शुभेच्छा आणि व्हिडिओंनी ६४ जीबी लवकर भरतं आणि मग फोन रखडतो. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारून घ्यायचं. खोक्यात चार्जर आहे का ते पाहायचं. आणि वजन : ६००० एमएएच बॅटरीचे फोन बहुधा दोनशे ग्रॅमच्या वर जातात. दुखऱ्या मनगटाला ते जड होतात, म्हणून आईंनी दुकानात दहा मिनिटं हातात धरून बघावा. मुलांनी परस्पर मागवू नये.

कॅमेऱ्यासाठी जास्त पैसे मोजायला मी सांगते ते हात खरोखर थरथरत असेल तेव्हा. अशा वेळी ओआयएस असलेला फोन घ्यावा. त्यात हाताचा हादरा सावरायला लेन्स स्वतः किंचित सरकते, त्यामुळे कमी उजेडातला कागद किंवा पाकीट स्पष्ट येतं. धावणारी नातवंडं मात्र त्यानेही हललेलीच येतात, कारण तिथे हलतात ती मुलं. नुसता ५० मेगापिक्सेलचा आकडा पाहून काही कळत नाही. स्वस्त फोनवरही तो लिहिलेला असतो. आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्येही आता ५००० एमएएच बॅटरी असते, तेव्हा खिशाला झेपत असेल तर बॅटरी की कॅमेरा हा वाद तितका टोकाचा राहत नाही. व्हिडिओ कॉल धूसर दिसतो तो मात्र बहुतेकदा रेंजमुळे. त्यासाठी महागडा कॅमेरा घेऊ नये.

फोन घ्यायला भाऊ-बहीण दोघंही काकूंना घेऊन कराडला गेले. तीन फोन हातात धरून काकूंनी सर्वांत हलका निवडला, बॅटरी ५००० एमएएचची. आता दुपारी तो पडवीतल्या कोनाड्यात असतो, चालू.