हरण्याचा सराव

प्रिय मित्रा,

स्नेहसंमेलनात शाळेच्या संघांबद्दल आणि हरण्याबद्दल बोलायचं आहे, आणि अंतिम सामना हरलेला कबड्डीचा संघ समोरच बसलेला असणार. तुझी अडचण कळली. पाठवलेला मसुदाही वाचला. त्यातलं 'हार-जीत होतच असते' हे वाक्य आधी खोड. ज्याची शेवटची चढाई पकडली गेली, त्या मुलाला ते ऐकून काहीही मिळत नाही.

हरणं मैदानावर शिकवायचं असतं, मंचावर नाही. भाषणात फक्त मैदानावर जे शिकवलं ते सांगता येतं. म्हणून आधी गुणपत्रक काढून बस.

तू लिहितोस, सामना ३१-२८ असा गेला. म्हणजे शेवटच्या चढाईला जाताना फलक ३०-२८ होता आणि त्या पकडीने फक्त एक गुण गेला. आता मागे जा. पूर्वार्धात आपले दोनच गडी उरले असताना चढाईपटू बोनससाठी आत घुसला आणि सापडला. बोनसचा गुण मिळाला असता, तरी त्यावर बाहेर बसलेला गडी परत येत नाही. तिथे निदानरेषा ओलांडून सुखरूप परतणं जास्त मोलाचं होतं. पुढच्याच चढाईत शेवटचा गडी बाद झाला, लोण चढला आणि लोणाचे दोन जादा गुण गेले. उत्तरार्धात उजव्या कोपऱ्याच्या गड्याचा पाय दोनदा मागच्या रेषेबाहेर पडला. दोन्ही वेळा चढाईपटूने त्याला हातही लावला नव्हता. आणखी दोन गुण.

हे चार गुण वाचले असते, तर शेवटच्या चढाईला जाताना आपण २८-२६ असे पुढे असतो. त्या मुलाला निदानरेषा ओलांडून परत यायचं होतं, एवढंच. मागे पडल्यामुळे त्याला गड्यांच्या गराड्यात शिरावं लागलं. दोष कोपऱ्यावर ढकलण्यासाठी मी हे सांगत नाही. मागे सरकताना रेषेचा अंदाज चुकतो, कारण सरावात आपण त्याला पुढे झेप घ्यायला शिकवतो आणि पाठीमागच्या रेषेचा सराव देत नाही. तो आपला विषय आहे. शेवटची चूक सगळ्यांना दिसते म्हणून सगळा पराभव तिच्या नावावर लागतो. हे मुलांना गुणपत्रकावर बोट ठेवून दाखवावं लागतं, आणि तेही दुसऱ्या दिवशी. सामना संपल्यावर लगेच नाही. त्या वेळी पाणी दे, कुणाला लागलंय ते बघ, उद्या किती वाजता भेटायचं ते सांग आणि गप्प बस. रडणाऱ्याला रडू दे. रडणं आणि खिलाडूवृत्ती यांचं काही वैर नाही.

शेवटच्या शिट्टीनंतर मुलाला धाप लागलेली असते, डोकं तापलेलं असतं. अशा वेळी शरीर सवयीचंच करतं. सवय नसेल तर पंचांकडे हात उगारले जातात, नाहीतर पकडल्या गेलेल्या गड्याकडे पाठ फिरते. म्हणून पुन्हा सांगतो, सराव. आठवड्यातून एकदा सरावाचा छोटा सामना एका बाजूला सहा गुणांनी मागे ठेवून सुरू कर आणि तो पूर्ण रीतीने संपव. मध्यरेषेवर रांग, प्रतिस्पर्ध्यांशी हस्तांदोलन, मग पंचांशी. तक्रार असेल तर ती फक्त कर्णधार करेल. समोरच्या संघाने काय चांगलं केलं ते त्याने नेमकं सांगायचं. 'छान खेळलात' चालणार नाही, 'तुमची साखळी शेवटपर्यंत सुटली नाही' चालेल. आणि राखीव गड्यांना एक काम नेमून दे: शेवटी बाद झालेल्याजवळ पहिल्यांदा पोहोचायचं. त्यांची धाप कमी असते, त्यांना ते जमतं.

शिकवणं झालं की नाही हे याच जागी कळतं. शिट्टी वाजल्यावर फलक सोड, बाकीचे अकरा जण कुठे जातात ते बघ.

असं केल्याने मुलांना हरायची सवय लागते, हा आरोप मी पुष्कळ ऐकला आहे आणि तो मला मान्य नाही. मागे पडल्यावर घाबरणारा गडीच दोन जण उरले असताना बोनसला धावतो. सहा गुणांनी मागे राहून खेळायची ज्याला सवय आहे, तो परत येतो, गडी वाचवतो आणि लोण लांबवतो. मी यावर अडून बसतो ते जिंकण्यासाठीच.

भाषण चार मिनिटांचं ठेव. करंडकांची यादी मुख्याध्यापकांना वाचू दे. तू गुणपत्रकातले ते चार गुण सांग आणि हस्तांदोलनाची रांग कशी बसवली ते सांग. कुणाचंही नाव घेऊ नकोस. शेवटच्या चढाईबद्दल बोलणार असशील तर त्या मुलाला आदल्या दिवशी बाजूला घेऊन विचार, कोपऱ्याच्या गड्यालाही विचार. ज्याला नको असेल त्याचा भाग गाळ, लोणाचा हिशेब तेवढा ठेव.

तुझा,
जुना क्रीडाशिक्षक