पेटंटचा क्लेम: तपासणीत सुधारू म्हणून थांबू नका

«वकीलसाहेब, हिंगण्याला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. कूलरच्या पाण्यातला क्षार पॅडवर बसू नये म्हणून एक पन्हळ शोधली आणि गेल्या ऑगस्टमध्ये मीच ऑनलाइन पेटंटचा अर्ज भरला, कम्प्लीट स्पेसिफिकेशनसकट. पहिला क्लेम असा आहे: जीआय पत्र्याची बॉडी, तीन बाजूंना वूडवूलचे पॅड, 18 वॅटचा पंप, 12 मिमीचा पीव्हीसी पाइप आणि पॅडखाली काटकोनात वळवलेली पत्र्याची पन्हळ, जिच्या कडेवरच्या दुभाजकामुळे थोडं पाणी बाहेर जातं व बाकीचं टाकीत पडतं, असा कूलर. या उन्हाळ्यात एकाने प्लास्टिक बॉडी आणि हनीकोंब पॅड लावून तीच पन्हळ विकली. मीही मार्चपासून सरकत्या दुभाजकाचे कूलर विकतोय. त्याला नोटीस पाठवू का? आणि क्लेम तपासणीच्या वेळी मोठा करता येईल ना?»

नोटीस राहू द्या. पेटंट मिळाल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही, आणि आज ते तुमच्याकडे नाही. शिवाय तुमचा क्लेम, म्हणजे मागितलेल्या हक्काची शब्दांतली हद्द, आहे तसाच मंजूर झाला तरी त्या माणसाचा कूलर त्यात बसत नाही. त्याची बॉडी पत्र्याची नाही आणि पॅड वूडवूलचे नाहीत. क्लेममधलं प्रत्येक अंग समोरच्याच्या मालात सापडावं लागतं. एक वगळलं की तो सहसा सुटतो, आणि तुम्ही त्याला चार-पाच दारं उघडी ठेवली आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तातडीचं आहे. असली पत्रं कूलरचा हंगाम संपला की येतात आणि सगळ्यांचा समज एकच असतो, की आधी तारीख मिळवू, नंतर परीक्षकाचा अहवाल आला की क्लेम नीट करू. पेटंट कायद्याचं कलम 59 याला आड येतं. दुरुस्तीनंतरचा क्लेम आधीच्या एखाद्या क्लेमच्या कक्षेत पूर्णपणे बसायला हवा. म्हणजे क्लेम आकसता येतो, फुगवता येत नाही. «जीआय पत्र्याची» हा शब्द काढला की क्लेम मोठा झाला, आणि दुरुस्ती नाकारली गेली. विभागून वेगळा अर्ज करू, असंही कुणी सुचवेल. तो मार्ग एका अर्जात एकाहून अधिक शोध असतील तेव्हाचा आहे. तुमचा शोध एकच आहे, त्यामुळे माझा त्यावर भरवसा नाही.

अर्ज मागे घेऊन नवा भरायचा विचारही सोडा. मार्चपासून माल बाजारात आहे, तुमचाही आणि त्याचाही. नव्या तारखेला तुमचा शोध नवा राहणार नाही.

उरतं कलम 9, पोटकलम 3. कम्प्लीट म्हणून भरलेलं स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं वर्णन आणि क्लेम्स, प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं मानावं, अशी विनंती अर्जाच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलरकडे करता येते. ती मान्य झाली की नवं कम्प्लीट स्पेसिफिकेशन नव्या क्लेम्ससह देता येतं आणि ऑगस्टची तारीख हातची जात नाही. नवं स्पेसिफिकेशनही त्याच बारा महिन्यांत पोचायला हवं. म्हणून विनंती आणि नवा मसुदा एकाच दिवशी भरा, कंट्रोलरच्या आदेशाची वाट पाहत बसू नका. ही मुदत नियमात नसून कायद्याच्या कलमातच आहे, तेव्हा मुदतवाढीची आशा नको. आदेश देणं कंट्रोलरच्या मर्जीवर आहे, त्याची हमी मी देत नाही. तुम्ही लवकर प्रसिद्धीसाठी फॉर्म 9 भरला असेल तर तेही आजच कळवा. एरवी अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण फॉर्म 9 ने तो आधीच लोकांसमोर आला असेल तर मसुदा जास्त जपून करावा लागेल.

आता नवा क्लेम. पहिल्या क्लेममधल्या प्रत्येक शब्दापुढे एकच प्रश्न ठेवा: हे बदललं किंवा काढलं तर क्षाराचं पाणी बाहेर जायचं थांबतं का? पत्र्याऐवजी प्लास्टिक घेतलं तर थांबत नाही. तीनऐवजी एकच पॅड ठेवला तरी नाही. पंप 18 वॅटचा की 40 वॅटचा, पाइप किती मिलिमीटरचा, याचाही संबंध नाही. हे सगळं तुम्ही वर्कशॉपमधला कूलर समोर ठेवून जसंच्या तसं उतरवलं आहे. वर्णनात ते शोभतं, क्लेममध्ये ते प्रतिस्पर्ध्याच्या सोयीचं असतं.

पण उलट्या टोकालाही जाऊ नका. «क्षारयुक्त पाणी बाहेर टाकण्याची कोणतीही व्यवस्था असलेला कूलर» असा क्लेम लिहिलात तर परीक्षक पहिल्याच अहवालात तो पाडेल. पंपाच्या लाइनमधून बारीक नळी काढून थोडं पाणी सतत बाहेर सोडणं जुनं आहे. तुमचं वेगळेपण त्या नळीचा दोष टाळण्यात आहे. बारीक नळी क्षारानेच तुंबते. तुमची कड उघडी आहे, पाणी तिच्यावरून ओसंडतं आणि दुभाजक त्याचे वाटे करतो, म्हणून ती तुंबत नाही आणि सुरीने खरवडता येते. «उघडी कड» आणि «दुभाजक» हे दोन शब्द हलवायचे नाहीत. बाकीचं जवळपास सगळं सोडता येईल.

माझ्या कच्च्या मसुद्यात पहिला क्लेम असा आहे: बाष्पीभवन कूलरच्या पॅडखाली बसवायची पन्हळ, जीत पॅडमधून गळणारं पाणी झेलणारा भाग आहे, त्या पाण्याला ओसंडू देणारी एक उघडी कड आहे, आणि त्या कडेवर एक दुभाजक आहे, ज्याच्या एका बाजूचं पाणी टाकीकडे व दुसऱ्या बाजूचं कूलरबाहेर वाहतं. अर्ज मराठीत चालत नाही, इंग्रजी किंवा हिंदीतच द्यावा लागतो. इंग्रजीत देताना अंगांच्या यादीआधी «कम्प्रायझिंग» असू द्या, «कन्सिस्टिंग ऑफ» नको. दुसऱ्या शब्दाने यादी बंद होते, आणि समोरच्याने पन्हळीला एक जाळी जोडली की तो बाहेर.

हा क्लेम कूलरचा नाही, पन्हळीचा आहे, हे नीट पाहा. तुमचा जुना क्लेम पूर्ण कूलरचा होता. उद्या कुणी सीताबर्डीत नुसती पन्हळ सुट्या भागाच्या दुकानात ठेवली आणि गिऱ्हाइकाने घरी बसवली, तर पन्हळ विकणाऱ्याने तुमचा कूलर कुठे विकला? दुसऱ्याला उल्लंघनाला मदत करणाऱ्याला थेट पकडणारं कलम आपल्या पेटंट कायद्यात नाही. म्हणून जी वस्तू बाजारात जशी विकली जाईल, त्या वस्तूचा पहिला क्लेम असावा. «ती पन्हळ असलेला कूलर» हा त्यापुढचा स्वतंत्र क्लेम ठेवा. दोन्हींचा गाभा एकच असल्याने कलम 10 च्या पोटकलम 5 ला ते चालायला हवं.

«काटकोनात वळवलेली» हा शब्द तर मला पाहवला नाही. ब्रिटनमध्ये कॅटनिक कंपनीच्या पेटंटात खिडकीवरच्या लोखंडी तुळईचा एक भाग «उभा» असल्याचं लिहिलं होतं. प्रतिस्पर्ध्याने तो काटकोनापासून सहा-आठ अंश कलता केला. भार पेलण्यात फरक नगण्य होता, तरी त्या एका शब्दापायी वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1980 मध्ये कॅटनिक जिंकली. शब्दाचा अर्थ हेतू पाहून लावायचा, हे सूत्र त्यातून आलं आणि आपली न्यायालयंही ते वापरतात. पण तीन पायऱ्या चढायची तुमची तयारी आहे का? आपल्याकडे प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला की जिल्हा न्यायालयातला दावा उच्च न्यायालयात जातो. नागपूर खंडपीठात तो सुनावणीला कधी लागेल, त्या उत्तराची वाट पाहता कूलरचे कितीतरी हंगाम निघून जातात. कोन लिहूच नका.

मग बारीकसारीक तपशील वाया जातो का? नाही, तो पहिल्या क्लेमला एकेक अट जोडणाऱ्या अवलंबून क्लेम्समध्ये जातो. दुसरा क्लेम: बाहेरच्या बाजूची कड टाकीच्या बाजूपेक्षा अरुंद. ही अट मी मुद्दाम पहिल्यात घेतली नाही. उलट केलं तर टाकी लवकर रिकामी होईल हे खरं, पण ते कूलर वापरणाऱ्याचं नुकसान आहे, तुमच्या शोधाची व्याख्या नाही. तिसऱ्या क्लेममध्ये पन्हळ पत्र्याची वा प्लास्टिकची आणि चौथ्यात पॅडचे प्रकार येऊ द्या. पहिला क्लेम आधीच्या कुणाच्या एखाद्या पेटंटने पडला तर मागे सरायला या पायऱ्या लागतात. दहा क्लेम्सपर्यंत वेगळी फी नाही, त्यापुढे दर क्लेमला आहे, तेव्हा उगाच पंचवीस लिहू नका.

हे सगळं ऑगस्टच्या तारखेला टिकायचं तर जुन्या वर्णनात त्याला आधार हवा. तुमच्या प्रतीत नशिबाने एक वाक्य आहे: «ही पन्हळ कोणत्याही कूलरला खालून बसवता येते.» पहिल्या क्लेमला बहुधा तेच तारेल. पत्र्याच्या पन्हळीचे कूलर तुम्ही अर्जानंतर विकलेत याची काळजी नको. प्रोव्हिजनल मानलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये वर्णिलेली गोष्ट नंतर वापरली म्हणून पेटंट नाकारता येत नाही, असं कलम 33 सांगतं.

सरकत्या दुभाजकाचं तसं नाही. तो जुन्या कागदात कुठेच नाही. त्याचा वेगळा क्लेम केलात तर त्याला नव्या मसुद्याचीच तारीख मिळेल, आणि त्याआधी तुम्ही स्वतः मार्चपासून तो विकत आहात. तो क्लेम तुमच्याच विक्रीने पडेल. तेव्हा त्याचा वेगळा क्लेम सोडा. पहिल्या क्लेममध्ये दुभाजक नुसता «दुभाजक» आहे, स्थिर असं कुठेही म्हटलेलं नाही, म्हणून सरकता दुभाजक लावून नक्कल करणाराही त्यातच सापडेल.

शोध पुरेसा कल्पक ठरेल का, की परीक्षक त्याला कलम 3(f) खाली माहीत असलेल्या वस्तूंची नुसती फेरमांडणी म्हणेल, हे मी आज सांगू शकत नाही. त्यासाठी जुन्या पेटंटांचा शोध घ्यावा लागेल आणि तो मसुद्याआधी व्हावा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, बहुतेक कुणीच लिहीत नाही. गेल्या वर्षी ऑगस्टच्या आधी, मे महिन्याच्या कडाक्यात, ही पन्हळ लावलेला एखादा कूलर कुणा गिऱ्हाइकाकडे किंवा नातेवाइकाकडे बसवला होता का? बसवला असेल तर कुठे, कधी, पैसे घेतले का, बघणाऱ्याला पन्हळ दिसत होती का, हे बिलांसकट पाठवा. नव्या मसुद्याला हात लावण्याआधी मला ते पाहावं लागेल, कारण त्या एका कूलरपुढे वरचं काहीच टिकणार नाही अशी शक्यता आहे.