तीन प्लॅन आहेत, पण फरक दिसत नाही

तुझं प्रायसिंग पेज पाहिलं. दादरच्या दुकानदाराला बिलिंग सॉफ्टवेअर विकायचंय आणि तक्त्यात 22 ओळी, त्यातल्या 16 ओळींत तिन्ही प्लॅनला सारखीच हिरवी टिक! फरक त्या हिरवळीत हरवलाय.

त्या 16 सोयी तक्त्यातून काढ आणि वर एका वाक्यात सांग: ‘जीएसटी बिल, स्टॉक, बॅकअप वगैरे सगळ्या प्लॅनमध्ये आहे.’ उरलेल्या 6 ओळींत जमेल तिथे टिकऐवजी आकडा लिही. ‘मल्टी-युजर’ला टिक देऊन काहीच कळत नाही, 1, 3, 10 काउंटर म्हटलं की दुकानदार आपला प्लॅन लगेच ओळखतो. सिल्व्हर-गोल्ड ही नावंही बदल. ‘एक काउंटर’, ‘मोठं दुकान’, ‘अनेक शाखा’ चालतील.

आता शिफारस. तिन्ही बटणं भडक केशरी आहेत, म्हणून मधला प्लॅन उठून दिसत नाही. भरीव रंग फक्त त्यालाच ठेव, बाकीच्या दोघांना नुसती किनार दे. वर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ची पट्टी विक्रीचे आकडे तसं सांगत असतील तरच लाव (नवीन प्रॉडक्टला ती कुठून येणार?), नाहीतर ‘2-3 काउंटर असतील तर हा घ्या’ असं लिही. मोबाइलवर रकाने एकाखाली एक येतात, तिथे हाच प्लॅन पहिला ठेव.

वार्षिक प्लॅनला महिन्याचा दर मोठ्या अक्षरात दाखवतोस, त्याखाली एकदम भरायची रक्कम आणि 18% जीएसटी वेगळा की धरून, तेही लिही.

मग एखाद्या ओळखीच्या दुकानदाराला फोन देऊन विचार, ‘3 काउंटर असतील तर कुठला घ्याल?’ तो वर-खाली स्क्रोल करत बसला, तर तक्ता अजून छाटायचाय.