अपघाताचे भीषण फोटो पाहूनही हेल्मेट का घातले जात नाही?

प्रश्न : आमच्या कॉलेजात रस्ता सुरक्षा सप्ताहात अपघातांचे भयानक फोटो लावले होते. मुलं घाबरली, पण हेल्मेट कुणीच वापरायला लागलं नाही. भीती दाखवल्याचा परिणाम उलटा का होतो?

उत्तर :

अशाच एका प्रदर्शनात मी फलकांशेजारी उभा होतो. रस्त्यावर निपचित पडलेल्या दुचाकीस्वाराच्या फोटोसमोर एक विद्यार्थी थबकला. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, आणि लगेच मित्राकडे वळून तो म्हणाला, "हा नवशिका असणार. आपला गाडीवर कंट्रोल असतो." फोटोने त्याला घाबरवले होते यात मला शंका नाही, कारण ते वाक्य त्या भीतीतूनच आले होते.

किम विटी यांनी १९९२ मध्ये मांडलेले एक्स्टेंडेड पॅरलल प्रोसेस मॉडेल नेमके हेच समजावून सांगते. त्यानुसार भीतीचा संदेश समोर आला की माणूस मनात दोन अंदाज बांधतो. पहिला अंदाज धोक्याचा असतो : हे किती गंभीर आहे, आणि ते माझ्या बाबतीत घडेल का? इथेच उत्तर "माझा काही संबंध नाही" असे आले, तर संदेश तिथेच संपतो. धोका खरा वाटला, तरच दुसरा अंदाज सुरू होतो : सुचवलेला उपाय खरोखर वाचवतो का, आणि तो मला जमेल का? उपायावरचा विश्वास धोक्याच्या जाणिवेपेक्षा मोठा असेल, तोवर माणूस धोक्याचा बंदोबस्त करतो. धोक्याची जाणीव त्या विश्वासाच्या पुढे गेली, की तो केवळ भीतीचा बंदोबस्त करू लागतो, म्हणजे नजर वळवतो, फोटो खोटा ठरवतो, सांगणाऱ्यावर चिडतो किंवा मेलेल्या माणसाची चूक शोधतो. भीती अशाने शमते, पण डोके उघडेच राहते.

आता तुमच्या कॉलेजातील फलक या चार प्रश्नांपुढे ठेवून पाहा. डोक्याला मार लागला तर जीव जाऊ शकतो, हे मुलांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे रक्ताळलेला फोटो जिथे शंकाच नव्हती तिथेच भर घालतो. शंका असते ती "माझ्या बाबतीत" या शब्दांवर, कारण घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता रोजचा आणि पायाखालचा असतो, तर फोटोत मात्र बहुधा महामार्ग आणि ट्रक दिसतो. उपायाबद्दल फलक "हेल्मेट घाला" एवढेच म्हणतो. दुचाकीस्वारांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले आहे, पण ही गोष्ट फोटोखाली क्वचितच लिहिलेली असते. हनुवटीखालचा पट्टा आवळला नाही तर हेल्मेट आपटण्यापूर्वीच निसटू शकते, हेही कुणी दाखवत नाही. चौथ्या प्रश्नाला, म्हणजे "मला जमेल का" याला, तर फलक हातच लावत नाही.

तरुण मुलांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. इस्रायलमध्ये तरुण सैनिकांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्वतःच्या मृत्यूची आठवण करून दिल्यावर, ज्यांना आपल्या गाडी चालवण्याचा अभिमान होता, त्यांचा बेदरकारपणाकडे असलेला कल उलट वाढला. त्या संशोधकांनी याचे स्पष्टीकरण वेगळ्या सिद्धांताने दिले होते, तरीही "आपला कंट्रोल असतो" या वाक्याशी त्याचे नाते मला फार जवळचे वाटते.

मात्र भीतीचा संदेश नेहमीच उलटतो असे समजू नये. विटी आणि माइक ॲलन यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तीव्र भीतीच्या जोडीला उपायाबद्दल भक्कम विश्वास असेल तर वर्तनात सर्वाधिक बदल दिसला, आणि तो विश्वास कमकुवत असेल तर बचावात्मक प्रतिक्रिया सर्वाधिक दिसली. २०१५ मधील त्याहून मोठ्या आढाव्यात भीतीचे संदेश एकंदरीत उपयोगी ठरले, आणि ते सरसकट उलटतात अशी परिस्थिती त्यात सापडली नाही. म्हणून माझ्या मते तुमच्या कॉलेजात परिणाम उलटा झाला असे म्हणण्यापेक्षा भीती वाया गेली असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

मुले नेमकी कुठे अडली, हे त्यांच्या बोलण्यातून ओळखता येते. फलकापुढून कुणी निर्विकार निघून गेला, तर तो पहिल्याच अंदाजावर थांबला आहे, आणि त्याला रोजच्या रस्त्यावरचा, कमी वेगातला अपघात दाखवायला हवा. जो चिडतो, फोटोची खिल्ली उडवतो किंवा मृताला दोष देतो, त्याला धोका पोहोचलेला आहे, आणि त्याच्यापुढे आणखी भीषण फोटो धरल्यास तो आणखी दूर जाईल. त्याला उपायाबद्दलच विचारावे. मी त्या विद्यार्थ्याला हेल्मेट आहे का असे विचारले, तेव्हा तो चटकन म्हणाला, "आहे ना सर, घरी आहे. पण इथे आणून ठेवायचं कुठे? डिकीत मावत नाही, आरशाला अडकवलं तर चोरीला जातं, आणि वर्गात नेऊ देत नाहीत." त्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये हेल्मेट ठेवायला एकही कप्पा नव्हता.