जाण्याआधी कॅरीओव्हरचं गणित हाताने करून पाहा

«मी बायोस्टॅटिस्टिशियन आहे. पुढच्या वर्षी परदेशात एका क्लिनिकल ट्रायल युनिटमध्ये रुजू होतेय. आजवर फक्त पॅरलल ग्रुपच्या ट्रायल केल्यात, तिथे मात्र क्रॉसओव्हर आणि स्टेप्ड-वेज बरंच चालतं म्हणे. निघण्याआधी काय पक्कं करून येऊ?»

वॉशआउटपासून सुरुवात करा. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्याकडे एका क्रॉसओव्हरचा प्रोटोकॉल आला. पाच हाफ-लाइफ गेल्या की जेमतेम ३% औषध उरतं, तेवढा वॉशआउट पुरे, असं मी लिहून दिलं. वरिष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, ‘औषध जाईल, पण परिणाम जाईल का?’ ॲस्पिरिन रक्तातून दोनेक तासांत जवळजवळ नाहीसं होतं, पण प्लेटलेटवरचा त्याचा परिणाम ती प्लेटलेट जगते तोवर, म्हणजे ७ ते १० दिवस राहतो. वॉशआउट परिणामावरून ठरवायचा, हे तेव्हापासून मी विसरले नाही.

परिणाम पुढच्या पिरियडमध्ये रेंगाळला, म्हणजे कॅरीओव्हर झाला, तर काय होतं तेही पाहा. समजा, औषधाने रक्तदाब ६ अंकांनी उतरतो. निम्म्या रुग्णांना आधी औषध आणि मग प्लॅसिबो, बाकीच्यांना उलट. पहिल्या गटात प्लॅसिबोच्या काळातही ४ अंकांची घट उरली, तर तिथे फरक दिसेल फक्त २. दुसऱ्या गटात तो ६च दिसेल. सरासरी ४. चांगलं औषध एक तृतीयांशाने कमी भरलं, आणि रुग्ण वाढवून ही चूक जात नाही.

‘मग आधी कॅरीओव्हरची चाचणी करू, तो आढळला तर फक्त पहिला पिरियड वापरू’ हा मार्ग १९६५मध्ये ग्रिझल यांनी सुचवला होता. जुन्या रिपोर्टांत तुम्हाला तो भेटेलच. वापरू नका. कॅरीओव्हरची चाचणी रुग्णारुग्णांतल्या फरकावर उभी असते, म्हणून तिची पॉवर फार कमी. शिवाय ती चाचणी आणि पहिल्या पिरियडची तुलना एकमेकींत गुंतलेल्या असतात. १९८९मध्ये फ्रीमन यांनी दाखवून दिलं की या दोन टप्प्यांच्या पद्धतीत खोट्या निष्कर्षाची शक्यता ठरवलेल्या ५%च्या वर जाते. पुरेसा वॉशआउट देता येत नसेल तर पॅरलल ट्रायल करा, एवढं ठामपणे सांगता आलं पाहिजे.

स्टेप्ड-वेजला, म्हणजे हॉस्पिटलं एकामागून एक हस्तक्षेपात येतात त्या रचनेला, जास्त वेळ द्या. मी तिथेच अडखळले. दोन हॉस्पिटलं आणि तीन पिरियड घ्या. अ हॉस्पिटल दुसऱ्या पिरियडपासून हस्तक्षेपात, ब तिसऱ्यापासून. (खऱ्या ट्रायलला दोन हॉस्पिटलं अर्थातच पुरत नाहीत.) आता समजा हस्तक्षेप अगदी निरुपयोगी आहे, पण संसर्गाचं प्रमाण सगळीकडे आपोआप २०, १७, १४ टक्के असं उतरतंय. हॉस्पिटल आणि पिरियड मिळून होणाऱ्या सहा घरांपैकी हस्तक्षेपाविनाच्या तीन घरांची सरासरी १९, हस्तक्षेपातल्या तिघांची १५. काहीही न करता ४ टक्क्यांचं यश! हस्तक्षेप नेहमी उशिराच्या पिरियडमध्येच जास्त असतो, म्हणून मॉडेलमध्ये पिरियड घालावाच लागतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं.

खरी गोम पुढे आहे. कर्मचाऱ्यांचा हात बसेल तसा परिणाम वाढतो. हस्तक्षेप सुरू झाल्यावरच्या पहिल्या पिरियडात संसर्ग १ टक्क्याने घटला, त्यानंतरच्या पिरियडात ४ टक्क्यांनी, असं धरा. नेहमीचं मॉडेल परिणाम पहिल्या दिवसापासून एकसारखा मानतं. त्यात हॉस्पिटल आणि पिरियड दोन्ही फिक्स्ड घेतले, तर अंदाज दोन तुलनांची सरासरी असतो. पहिली दुसऱ्या पिरियडची: अ १ने घटलं, ब जागेवर, म्हणून फायदा १. दुसरी तिसऱ्या पिरियडची: ब नव्याने १ने घटलं, पण ज्याच्याशी तुलना करतोय ते अ याच काळात आणखी ३ने घटलं, म्हणून ‘फायदा’ उणे २. सरासरी उणे अर्धा. दोन्ही हॉस्पिटलांत संसर्ग कमी झालाय, आणि मॉडेल सांगतंय की हस्तक्षेपाने तो वाढला. कागदावर हे मांडून पाहिलं तेव्हा मी हादरलेच होते.

उपाय म्हणजे हस्तक्षेप सुरू होऊन किती पिरियड झाले हे वेगळं घालायचं, सुरू होण्याआधी शून्य धरून:

```
y ~ factor(period) + factor(exposure) + (1 | hospital)
```

मग प्रत्येक टप्प्याचा परिणाम वेगळा मिळतो आणि त्यांची सरासरी काढता येते. कॉन्फिडन्स इंटरव्हल मात्र रुंदावतो, म्हणून सॅम्पल साइझ याच मॉडेलवर काढा. कोणत्या टप्प्यांची सरासरी सांगणार हेही डेटा येण्याआधीच लिहून ठेवा. पूर्ण झालेल्या ट्रायलमध्ये टप्प्याटप्प्याचे आकडे चढत जाताना दिसले, तर जुन्या मॉडेलचा एकच आकडा रिपोर्टमध्ये जाऊ देऊ नका.